दोन घोटांची बखर: किरकोळ कुरबूर वीररसात कशी लिहावी

प्रश्न: आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहतो. आमच्यातला एक जण फ्रिजमधल्या बाटलीत बरोबर दोन घोट पाणी ठेवतो आणि बाटली तशीच परत ठेवून देतो, म्हणजे भरायची वेळ त्याच्यावर येत नाही. सरळ सांगितलं की वाद होतो. त्याच्या वाढदिवसाला हेच मोठ्या वीरश्रीच्या भाषेत वाचून दाखवायचं ठरवलंय. मी लिहिलं ते असं: 'हे महापराक्रमी, अजिंक्य जलसम्राटा! तुझ्या आळसापुढे पर्वतही झुकले. तू सातही समुद्र पिऊन टाकलेस आणि आम्हां तृषार्तांना वाळवंटात सोडलंस. तुझ्या स्वार्थाची गाथा युगानुयुगे गायली जाईल!' तिसऱ्या मित्राला वाचून दाखवलं तर तो हसला नाही, म्हणाला टोमणा वाटतोय. चुकतंय कुठे?

उत्तर: तुमच्या मजकुरात बाटलीच नाही. पर्वत आहेत, समुद्र आहेत, वाळवंट आहे, पण ज्या बाटलीपायी हा सगळा खटाटोप ती कुठेच दिसत नाही, आणि ते दोन घोटही नाहीत. मी निरोपसमारंभांची आणि वाढदिवसांची भाषणं लिहून देतो. लोक त्यासाठी जे कच्चे खर्डे घेऊन येतात त्यांतल्या बहुतेकांत हीच गोची असते. भाषा वाढवायची म्हटल्यावर माणूस वस्तूही वाढवायला लागतो. बाटलीचा समुद्र झाला की समुद्राला समुद्राचीच भाषा शोभते, मग त्यात हसण्यासारखं काय उरलं? या प्रकारात गंमत येते ती दोहोंतल्या अंतरातून. भाषा सिंहासनावर बसते आणि वस्तू फ्रिजच्या दारातच राहते. म्हणून भाषा हवी तेवढी चढवा, पण वस्तुस्थितीला तसूभरही हात लावू नका. झाकण निळं असेल तर निळंच लिहा. तीन बाटल्या असतील तर तीनच. फ्रिजला भारदस्त संस्कृत नाव शोधत बसू नका, जुन्या भाषेच्या मधोमध 'फ्रिज' हा शब्द जसाच्या तसा पडू द्या, निम्मं काम तोच करतो.

तुमच्या मित्राला टोमणा वाटला त्याचं कारण मात्र वेगळं आहे. तुमच्या चार वाक्यांतून मोठे शब्द काढून टाका आणि उरलं ते साध्या मराठीत मांडा. उरतं ते इतकंच: 'तू आळशी आहेस, तू स्वार्थी आहेस.' हे कोणी वाढदिवसाला ऐकून घेत नाही, आणि त्यावर अलंकार चढवले तर ते आणखी लागतं, कारण ऐकणाऱ्याला कळतं की समोरच्याने हे बोलण्यासाठी बसून तयारी केलीये. आता तक्रार म्हणून लिहून बघा: 'तू दोन घोट ठेवून बाटली परत ठेवतोस.' हे त्याच्या आईसमोरही म्हणता येईल. वीररसात चढवायचं ते हे वाक्य. मी प्रत्येक मजकूर असा सोलून बघतो. सोलल्यावर कृती उरली तर पुढे जायचं, स्वभावावरचा निकाल उरला तर तो कागद बाजूला ठेवायचा.

इंग्रजीत या प्रकारातलं सगळ्यांत नावाजलेलं काव्य अलेक्झांडर पोपचं 'द रेप ऑफ द लॉक'. त्याची गोष्ट तुमच्या कामाची आहे, कारण तेही एक भांडण मिटवण्यासाठीच लिहिलं गेलं. लॉर्ड पीटर नावाच्या तरुण उमरावाने अॅराबेला फर्मर हिच्या केसांची एक बट न विचारता कापली आणि दोन घराण्यांचं बोलणं बंद झालं. दोन्हीकडच्यांना ओळखणारे जॉन कॅरिल यांनी पोपला सुचवलं की यावर काहीतरी विनोदी लिही, म्हणजे मंडळी पुन्हा हसून बोलू लागतील. 1712 मध्ये ते दोन सर्गांत छापलं गेलं, 1714 मध्ये वाढवून पाच सर्गांचं झालं. वाढवताना पोपने त्यात बटेचं रक्षण करणारे हवेतले गण घातले आणि पत्त्यांचा एक डाव रणसंग्रामासारखा रंगवला. पण कात्री कात्रीच राहिली आणि बट बटच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्यात सर प्लूम नावाचा एक सरदार येतो, त्याला धड वाक्य बोलता येत नाही, नुसता तावातावाने अडखळतो. हे पात्र ज्यांच्यावरून घेतलं ते सर जॉर्ज ब्राउन मात्र चिडले. बट कापणं ही एक कृती होती, ती हसण्यावारी नेता येत होती. धड बोलता न येणं हा माणूसच झाला. तुमच्या मित्राचा उच्चार, वजन, पगार, घोरणं, लग्न न ठरणं, यातलं काहीही या मजकुरात येता कामा नये, मग ते कितीही बहारीचं सुचो.

आता त्याला नायक करायचं म्हणजे काय करायचं ते बघू. नायक म्हटला की त्याच्यात खरोखर वाखाणण्यासारखं काहीतरी हवं. तुमच्या सुदैवाने ते इथे आहे. तो माणूस नुसता पाणी पीत नाही. रात्री झोपेत, तहान लागलेली असताना, तो नेमका दोन घोट आधी थांबतो. हे सोपं नाही. त्यात अंदाज आहे, संयम आहे, आणि कायद्याची पळवाट शोधण्याची बुद्धी आहे. तुम्ही याला आळस म्हणालात. मी याला मसलत म्हणेन. त्याच्या खोडीतलं कौशल्य मनापासून, अगदी न हसता वाखाणलं की त्याला चिडायला जागाच राहत नाही. जो आपल्याला मुत्सद्दी म्हणतोय त्याच्यावर रागवायचं कसं? आणि बाकीचे हसतात, कारण त्यांना ठाऊक असतं की ही सगळी मुत्सद्देगिरी एका प्लास्टिकच्या बाटलीसाठी चाललीय.

दुसरं म्हणजे, लढाईत हरायचं तुम्ही. या एका गोष्टीने मजकुराचा सगळा डंख निघून जातो. तक्रार करणाराच जिंकत असेल तर ते आरोपपत्र होतं. तुम्ही दोघांनी मोठी खलबतं करावीत, काहीतरी पोरकट उपाय काढावा आणि नायकाने तो एका वाक्यात उधळून लावावा. तक्रार पोहोचते ती पोहोचतेच, शिवाय हसं दोन्ही बाजूंचं होतं.

भाषा कुठली घ्यायची? मराठीत थाटांची वाण नाही. पोवाडा आहे, पण तो नुसता वाचून रंगत नाही, गायला गळा लागतो आणि मागे जी-जी-जी करणारं कोणी लागतं. पौराणिक आख्यानाचा थाट आहे, 'ऐक राजा, तेणे काळी' असा, तो चालेल, पण त्यात देव आणि ऋषी आणावे लागतात आणि मजकूर लांबतो. श्लोक लिहिता येत असतील तर शार्दूलविक्रीडितात एखादा जरूर टाका, पण एका ओळीत एकोणीस अक्षरं गणात बसवताना बाटली निसटते, असा माझा तरी अनुभव आहे. तुमच्या कामाला बखरीचं गद्य सगळ्यांत बरं. तिची वाक्यं तोकडी असतात, क्रियापद गाळलं तरी खपतं आणि 'जाहले', 'ऐसे', 'मसलत', 'सबब', 'असामी' एवढ्या पाचसहा शब्दांनी रंग चढतो. त्याहून जास्त जुने शब्द भरलेत तर ऐकणारा अर्थ लावत बसेल आणि हसायचं राहून जाईल. आणि एकदा बखर धरली की बखरच. मध्येच 'हे वत्सा' किंवा 'अगा देवा' आलं की सोंग उघडं पडतं. एक पथ्य मात्र कडक पाळा: थाट उचला, प्रसंग उचलू नका. लोकांच्या श्रद्धेतल्या एखाद्या वीराची खास बिरुदं किंवा एखादी खरी लढाई बाटलीला जोडली, की थट्टा तुमच्या मित्राची राहत नाही, त्या वीराची होते. मग वाढदिवस बाजूलाच राहतो.

विशेषणांबद्दलही सांगतो. 'महापराक्रमी, अजिंक्य, जलसम्राट' अशी माळ लावली की तिसऱ्या शब्दाला कान बंद होतात. त्यापेक्षा एकच बिरुद घडवा, तेही खोडीतूनच, आणि नाव घ्यायची वेळ येईल तिथे नावाऐवजी तेच वापरा. तुमच्या मित्रासाठी मी 'द्विघोटरक्षक' असं केलं. पहिल्यांदा उच्चारल्यावर लोक क्षणभर विचार करतील, दुसऱ्यांदा ओळखतील, तिसऱ्यांदा ते येण्याआधीच हसायला लागतील. ज्यात खोडी दिसत नाही ते बिरुद कोणालाही लावता येतं, म्हणून ते कोणालाच लागत नाही. 'जलसम्राट' कोणीही असू शकतो, द्विघोटरक्षक तुमच्याच फ्लॅटमध्ये राहतो.

आता खरी कारागिरी वाक्याच्या शेपटात आहे. वाक्य चढत चढत न्यायचं आणि अखेरीस क्षुल्लक वस्तूवर आणून सोडायचं. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे इथे एक अडचण होते. 'तहानेने व्याकूळ झालेल्या वीरांना बाटलीत केवळ दोन घोट पाणी शिल्लक असल्याचे आढळून आले.' घोट मधेच येऊन गेले आणि वाक्य 'आढळून आले' या सरकारी शेपटावर संपलं. आता हेच बखरीच्या पद्धतीने: 'तहान शिगेस पोहोचली, एक असामी पुढे जाहला, बाटली उचलून पाहतो तो आत पाणी दोन घोट.' क्रियापद गाळलं, घोट शेवटी आले. ऐकणारा हसतो तो त्या शेवटच्या शब्दावर. त्याच्यानंतर एक अक्षरही आलं तर ते हसण्यावर पाय देतं. तुमचा मजकूर मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कोणता आहे ते बघा. 'होते', 'आले', 'गेले' अशाच शब्दांवर सगळी वाक्यं संपत असतील, तर विनोद पोटात अडकलाय असं समजा.

हे सगळं धरून तुमच्यासाठी एक मसुदा करून दिला आहे. तुमच्या फ्रिजमधला तपशील वेगळा असेल तर बदला, पण बदलाल ते खरं असू द्या.

'श्री. हकीकत ऐसी जे, स्वयंपाकघरी फ्रिज एक. त्याचे दारी बाटल्या तीन. पैकी दोन सदा रिकाम्या, सबब त्यांस कोणी लेखीत नसे. तिसरी निळ्या झाकणाची. तीवर सर्वांचा जीव.

मध्यरात्र जाहली. द्विघोटरक्षकांस तहान लागली. उठोन फ्रिजापाशी आले आणि मनी मसलत केली की, बाटली पुरती रिकामी करावी तर भरणे आपले माथी येते. न प्यावी तर तहान अनावर. ऐसा विचार करोन बाटली तोंडास लाविली. सहा घोट घेतले. सातवा घ्यावा, तो हात आवरिला. ऐसा निग्रह थोर थोर तपस्व्यांस न साधे. बाटली फ्रिजाचे उजेडात धरोन तळ न्याहाळिला. दोन घोट. झाकण फिरविले, बाटली होती तेथे ठेविली, दार लाविले आणि निजले.

प्रातःकाळी उरली फौज, असामी दोन, फ्रिजावर चालोन गेली. दार उघडिले. बाटली जागेवर. झाकण जागेवर. बहुत हर्ष जाहला. उचलोन पाहती तो हलकी.

मग उभयतांनी खलबत केले. सायंकाळपावेतो चालले. अंती ठरले की, बाटलीवर चिठ्ठी डकवावी: "जो संपवील त्याने भरावी." चिठ्ठी डकविली. द्विघोटरक्षकांनी ती स्वस्थ चित्ते वाचिली, मान डोलाविली आणि बोलिले, "वाजवी आहे. मी तर कधीच संपवीत नाही." फौज निरुत्तर. ते दिवसापासोन पाणी आम्हीच भरितो.

आज द्विघोटरक्षकांचा जन्मदिवस. त्यांस उदंड आयुष्य लाभो, आणि एके रात्री चुकोन त्यांचे हातून ते दोन घोटही पिऊन होवोत, इतकीच विनंती. बहुत काय लिहिणे. लेखनसीमा.'

यात मी काय केलं नाही तेही बघा. आळस, स्वार्थ, खोडी यांतला एकही शब्द नाही. एकही वाक्य खोटं नाही, चिठ्ठीचा प्रसंग सोडून, आणि तो तुम्ही वाढदिवसाआधी खरोखर घडवून आणू शकता. किंबहुना आणाच, त्याचं खरं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा सरस निघण्याची शक्यता दाट आहे. निघालं तर तेच घाला. खऱ्या माणसाच्या तोंडचं खरं वाक्य बखरीत जसंच्या तसं बसलं की त्याच्या तोडीचं दुसरं काही नसतं. मधल्या ओळी मुद्दाम सपाट ठेवल्या आहेत. 'बाटली जागेवर. झाकण जागेवर.' इथे विनोद नाही, पण या दोन कोरड्या ओळी नसतील तर 'हलकी' हा शब्द पडत नाही. शेवटची ओळ 'बहुत काय लिहिणे' ही जुन्या पत्रांच्या शेवटाची आहे. चोखंदळ वाचक म्हणेल की बखरीत ती जरा उपरी आहे, पण तिच्यामुळे मजकूर आटोपल्याचं ऐकणाऱ्यांना लगेच कळतं, म्हणून राहू दिली.

लांबीचं म्हणाल तर हे वाचायला दोनेक मिनिटं लागतील. याहून वाढवू नका. मोठ्या भाषेचं नावीन्य फार टिकत नाही. त्यानंतर लोकांना हसवत ठेवायला नवनवा प्रसंग लागतो, आणि तुमच्याकडे प्रसंग एकच आहे. कोणी म्हणेल फ्रिजची वंशावळ घाला, बाटलीचं नखशिखान्त वर्णन घाला. दोन ओळींची वंशावळ एखादे वेळी खपेल, त्यापुढे लोक केककडे बघायला लागतात.

वाचताना हसायचं नाही, हे तुम्हाला कोणीही सांगेल. पण न हसणं पुरत नाही, डोळा मारल्यासारखं वाचायचंही नाही. 'द्विघोटरक्षक' शब्दावर जोर देऊ नका, 'फ्रिज'वर तर मुळीच नको. जुनी कागदपत्रं मोठ्याने वाचणाऱ्या कारकुनाच्या कोरड्या आवाजात वाचा, जणू ही हकीकत नीट नोंदली जाणं एवढंच तुमचं काम आहे. थांबायच्या जागा तीन आहेत: 'हात आवरिला' नंतर, 'तो हलकी' नंतर, आणि 'कधीच संपवीत नाही' नंतर. या ठिकाणी लोक हसतील तर हसू द्या, त्यांच्या हसण्यावरून पुढचं वाक्य रेटू नका. नाही हसले तरी तेवढंच थांबा आणि पुढे जा, समजावून सांगू नका. वाचताना त्याच्याकडे रोखून बघणं टाळा. नजर कागदावर ठेवा. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं की तो चेष्टेचा विषय होतो, आणि लोक कागदाकडे बघत राहिले तर तो एका गोष्टीतला नायक राहतो.

वाचण्याआधी एकदा कागद तुमच्या तिसऱ्या मित्राला द्या, पण यावेळी 'हसू आलं का' असं विचारू नका. विचारा: 'हा मजकूर त्याने स्वतःच वाचायला घेतला तर वाचू शकेल का?' नायकाला स्वतःच्या तोंडाने मजेत वाचता येईल असा मजकूर असेल तर बिनधास्त वाचा. किंबहुना शेवटचा परिच्छेद त्याच्याच हातात देऊन त्यालाच वाचायला लावलं तरी चालेल. कुठल्या ओळीशी तो अडखळेल असं वाटलं, तर ती ओळ काढा. ती चांगली असली तरी काढा.

भाषण नको, नुसतं कार्डावर लिहायचं असेल तर एवढंच पुरे: 'द्विघोटरक्षकांस जन्मदिनाचे आशीर्वाद. त्यांनी कित्येक रात्री एकट्याने किल्ला लढविला आणि बाटली कधी पुरती पडू दिली नाही. दोन घोट राखिले. भरणार, उरली फौज, असामी दोन.'